केशनलिकेत पाणी आणि पारा

1 मिलिमीटर आतला व्यास असलेली काचेची नळी पाण्यात उभी धरली की पाणी साधारण 2.9 सेंटिमीटर वर चढतं. तीच नळी पाऱ्यात धरा, आतला पारा बाहेरच्या पातळीपेक्षा 1.1 सेंटिमीटर खाली बसतो. सूत्र दोघांना एकच:

h = 2T cosθ / (rρg)

यात h म्हणजे द्रवाची उंची, T पृष्ठताण, θ स्पर्शकोन म्हणजे द्रवाची कड काचेशी द्रवाच्या आतून करते तो कोन, r नळीची आतली त्रिज्या, ρ द्रवाची घनता आणि g गुरुत्वत्वरण.

पाऱ्याचं पृष्ठताण पाण्याच्या सहापटीहून जास्त, मग तो जोरात चढायला हवा ना? इथे स्पर्शकोन आडवा येतो. स्वच्छ काचेवर पाण्याचा कोन जवळपास शून्य, म्हणून cosθ = 1. पाऱ्याचा सुमारे 140°, म्हणजे cosθ = −0.77, उंची ऋण निघते. शिवाय पारा पाण्याच्या 13.6 पट जड, त्यामुळे एवढं ताण असूनही तो फारसा खाली जात नाही.

प्रयोगात दगा देतं ते मात्र पाणीच. नळीला बोटाचा तेलकटपणा लागला आणि कोन 60° झाला, तर उंची थेट निम्मी, 1.5 सेंटिमीटरच्या आसपास. पृष्ठताण कमी आलं म्हणून सूत्राला दोष देण्याआधी पाण्याची वरची कड बघा: अंतर्वक्र वाटी उथळ किंवा वेडीवाकडी दिसली, तर नळी धुवायला हवी.