दीड फुटी चर की दोन फुटी? १६० मिमी पाइपला मीटरमागे किती वाळू लागते

विहिरीपासून शेततळ्यापर्यंत ३०० मीटर लाइन टाकायची आहे, पाइप १६० मिमी पीव्हीसी. जेसीबीवाला विचारतो, कोणती बकेट लावू? वाळूचा खर्च याच उत्तरावर ठरतो, पाइपच्या व्यासावर फारसा नाही.

पाइपखाली १०० मिमी आणि माथ्यावर १५० मिमी वाळू धरू. पाइपसह हा पट्टा ४१० मिमी उंच होतो. मग एका रनिंग मीटरचा हिशोब असा (सगळी मापं मीटरमध्ये):

वाळू = चराची रुंदी × (०.१० + व्यास + ०.१५) − ०.७८५ × व्यास²

शेवटचा भाग म्हणजे पाइपने अडवलेली जागा. आपल्या पाइपसाठी ती ०.०२० घनमीटर येते. व्यास नेहमी बाहेरचा घ्यायचा. पीव्हीसीवर लिहिलेला १६० हा बाहेरचाच असतो, पण १५० च्या डीआय पाइपचा बाहेरचा व्यास १७० मिमी भरतो.

| चराची रुंदी | मीटरमागे वाळू | ३०० मीटरला, दाबलेली |
|---|---|---|
| ४५० मिमी (दीड फुटी) | ०.१६४ घनमीटर | १७.४ ब्रास |
| ६०० मिमी (दोन फुटी) | ०.२२६ घनमीटर | २४ ब्रास |
| ९०० मिमी (तीन फुटी) | ०.३४९ घनमीटर | ३७ ब्रास |

ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. हे आकडे चरात दाबून बसलेल्या वाळूचे आहेत. ट्रॉलीतली वाळू सैल असते, म्हणून मागणी देताना वीस टक्के वाढवा: दीड फुटीला २१, दोन फुटीला २९, तीन फुटीला ४४ ब्रास. ओलसर बारीक वाळू तर आणखी फुगलेली असते, त्यामुळे ट्रॉली काठोकाठ दिसली तरी चरात कमी पडते.

रुंदी १० सेंटीमीटरने वाढली की या लाइनला सव्वाचार ब्रासहून जास्त वाळू वाढते. उलट दोन फुटी चरात १६० ऐवजी २०० चा पाइप टाकला, तर मीटरमागे जेमतेम ०.०१३ घनमीटर वाढतात, म्हणजे अख्ख्या लाइनला दीड ब्रासही नाही. तरी घासाघीस होते ती पाइपच्या साइझवर, आणि बकेट मात्र मशीनला जी लावलेली असेल तीच चालते.

मग दीड फुटीच घ्यावी का? मुरमाच्या रानात, चर मीटरभर खोल असेल आणि सोल्युशन लावून जोडलेली लाइन वरून खाली सोडायची असेल, तर खुशाल घ्या. पाइपच्या दोन्ही बाजूंना साडेचौदा सेंटीमीटर जागा उरते, तेवढ्यात अरुंद धुम्मस चालते. रबर रिंगचे जोड चरात उतरूनच लावायचे असतील किंवा खोली सव्वा मीटरच्या पुढे जात असेल, तर दोन फुटी घ्या. अडचणीच्या जागेत पाइपच्या बगलेत वाळू दाबली जात नाही. वर माती पडली की पाइप आडवा चपटा होतो आणि जोडातून झिरपू लागतो. तीन फुटीला या पाइपसाठी काहीच कारण नाही.

खडकात ब्रेकर चालवला तर चर ठरल्याप्रमाणे राहत नाही, चिपा निघून रुंद होतो. म्हणून वाळू मागवण्याआधी तळाच्या ४१० मिमी पट्ट्यातली रुंदी दर दहा मीटरवर मोजून सरासरी काढा. जमिनीच्या पातळीवर टेप धरू नका. तिथे कडा ढासळलेल्या असतात, आकडा फुगतो.

वाळू महाग पडत असेल तर रुंदीच्या खालोखाल बचत थराच्या उंचीत आहे. पाइपच्या अर्ध्यापर्यंतच वाळू भरून वर चाळलेला मुरूम टाकला, तर दोन फुटी चरात मीटरमागे ०.०९८ घनमीटर पुरते. ३०० मीटरला साडेदहा ब्रासच्या आत, म्हणजे निम्म्याहून कमी. पण मुरमात २० मिमीपेक्षा मोठा खडा नको. आणि खडकाच्या चरात हा पर्याय नको, तिथे कडेची चीप सुटून पाइपवरच येते. पाइपला चिकटून काळी मातीही नको, उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पावसात फुगते.

गोदेची वाळू गोल दाण्याची असल्याने पाइपच्या खाली सहज सरकते. क्रश सँड टोकदार असते, ती पाइपच्या बगलेत हाताने सारावी लागते. काळ्या रानात ती पाण्याने बसवण्याचा मोह टाळा, तळ मऊ होऊन पाइप खचतो. मुरमात पाणी निचरून जातं, तिथे चालतं.

रान उताराचं असेल तर वाळूचा पट्टा जमिनीखालची नाली बनतो, पावसाचं पाणी त्यातून धावतं आणि वाळू वाहून नेतं. म्हणून उतारावर ठराविक अंतराने पाइपभोवती अर्धा मीटर लांबीचा दाबलेल्या चिकणमातीचा बांध घाला. तेवढ्या लांबीची वाळू हिशोबातून वजा करायला हरकत नाही.