जुनी मोटरसायकल घेताना केलेली तपासणी: काही महिने चालवल्यानंतर

ही गाडी घेतानाच्या तपासणीत टाकी, सीट आणि रंगाकडे मी फारसं पाहिलंच नाही. सगळा वेळ फ्रेम, थंड इंजिनाचा आवाज आणि कागदपत्रं यांवर घालवला. आता काही महिने रोज चालवून झाल्यावर त्यातलं काय कामी आलं ते लिहितो.

फ्रेमसाठी दोरीची परीक्षा सगळ्यात खात्रीची. गाडी सरळ उभी करायची, मागच्या टायरच्या दोन्ही कडांना टेकेल अशी दोरी प्रत्येक बाजूने पुढच्या चाकापर्यंत ताणायची. मागचा टायर १०० मिमी आणि पुढचा ८० मिमी रुंद असल्यामुळे पुढे दोन्ही बाजूंना १०-१० मिमी फट दिसायला हवी होती. दिसली एका बाजूला १७ आणि दुसऱ्या बाजूला ३! विकणाऱ्याचा चेहरा पडला, पण मी आधी चेन अ‍ॅडजस्टर पाहिले. एका बाजूचा जेमतेम दीड मिलिमीटर जास्त मागे ओढलेला होता. चाक मागे इतकंसं तिरकं झालं तरी सव्वा मीटर पुढे त्याचा फरक पाचपट होऊन दिसतो. दोन्ही अ‍ॅडजस्टर सारखे केले, दोरी पुन्हा लावली, फटी जुळल्या. तसं करूनही जुळल्या नसत्या तर फ्रेम किंवा स्विंगआर्म वाकल्याचा संशय धरून मी तिथूनच परत फिरलो असतो. हँडल पूर्ण वळवल्यावर जिथे अडतं, तो फ्रेमवरचा स्टॉपरही पाहिला. समोरून जोरात आपटलेल्या गाडीत तो बऱ्याचदा चेपलेला असतो किंवा तेवढ्याच जागी नवा रंग असतो. आज गाडी सरळ धावते आणि टायर एका बाजूने झिजलेले नाहीत.

इंजिन थंडच हवं, हे आधी फोनवर सांगून ठेवलं होतं. पोहोचल्यावर पहिला हात सायलेंसरवर, कारण आधीच तापवलेलं इंजिन बरंच काही लपवतं. सुरू करताच काही सेकंद कड्‌कड्‌ आवाज आला आणि थांबला. तो टायमिंग चेनचा होता, टेन्शनर थकल्याची खूण. तेवढ्यावर भाव कमी करून घेतला. पुढे आवाज वाढू लागला तेव्हा टेन्शनर बदलला, तेव्हापासून शांत आहे. वरून येणारी टॅपेटची हलकी टिकटिक समायोजनाने जाते. पण खालून, लोड आल्यावर येणारा जाड ठक्‌ठक्‌ आवाज कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असू शकतो. तो ऐकला असता तर फुकटातही घेतली नसती. अ‍ॅक्सिलरेटर पिळला तरी निळा धूर आला नाही, म्हणजे रिंगांची काळजी नव्हती. थंडपणी दिसणारी पांढरी वाफ नुसतं पाणी असतं.

कागदांचं काम दहा मिनिटांचं, पण टॉर्च लागतोच. चासी नंबर फ्रेमवर वाचून कागदावरच्या एकेका अंकाशी ताडला आणि भोवती घासल्याच्या खुणा आहेत का ते बघितलं. मग इंजिन नंबर. कर्जाचा बोजा उतरल्याचं पत्र हातात आल्यावरच पैसे दिले. मालकाने ‘नंतर पाठवतो’ म्हटलं होतं, मी म्हटलं, ‘मग गाडीही नंतरच नेतो.’