वेटिंग 24, वेटिंग 25 आणि ‘एचओ कोट्या’चे तीन हजार

शनिवारी, 25 ऑक्टोबर 2025 ला, संध्याकाळी सातच्या सुमारास मुंबईहून वहिनीचा फोन आला. दादाला छातीत दुखायला लागून ॲडमिट केलं होतं आणि सोमवारी सकाळी नऊ वाजता बायपास ठरली होती. आई 71 वर्षांची. “ऑपरेशनच्या आत मला त्याचं तोंड बघायचंय,” एवढंच म्हणाली आणि पिशवी भरायला बसली.

आमच्या कोल्हापूरहून मुंबईला जाणाऱ्या रविवारच्या महालक्ष्मी एक्सप्रेसचं तत्काळ शनिवारी सकाळी दहालाच उघडून संपलेलं. त्यात भाऊबीज गुरुवारी झाली होती, म्हणजे दिवाळीला आलेली सगळी मुंबई त्या रविवारी परत निघालेली. तरीही मोबाइलवरून थर्ड एसीची दोन तिकिटं काढली. वेटिंग आलं, GNWL 24 आणि 25. आईला गुडघ्यांमुळे रात्रभर बसून प्रवास जमत नाही, म्हणून बर्थ हवाच होता.

शेजारचे काका म्हणाले, “स्टेशनजवळ एक जण आहे, तो एचओ कोट्यातून, म्हणजे व्हीआयपींच्या राखीव जागांतून, वेटिंग कन्फर्म करून देतो. दसऱ्यात माझ्या जावयाचं वेटिंग 6 आणि 7 होतं, त्यानं करून दिलं.” काकांनी चांगल्या मनानं सांगितलं. त्यांचा अजूनही राग नाही.

रविवारी सकाळी साडेनऊला मी त्या माणसासमोर उभी होते. त्यानं आधी पीएनआर विचारला, मोबाइलवर टाकून वेटिंग किती आहे ते बघितलं आणि मग म्हणाला, “ताई, टेन्शन घेऊ नका. आपला माणूस आत आहे. आत्ता लेटर टाकतो, चार्टला कन्फर्म. माणशी पंधराशे.” दादाच्या आजारपणाचे कागद दाखवू का म्हटलं, तर “कागदाबिगदाची गरज नाही” म्हणाला. मला तिथंच थांबायला हवं होतं. मी थांबले नाही, कारण घरात आई बूट घालून बसली होती. यूपीआयनं 3,000 रुपये पाठवले. स्क्रीनवर आलेलं नाव त्यानं सांगितलेल्या नावाहून वेगळं होतं. “भावाचं खातं आहे,” म्हणाला.

अर्ध्या तासानं त्यानं व्हॉट्सॲपवर एका पत्राचा फोटो पाठवला. एका लोकप्रतिनिधींचं लेटरहेड, खाली सही, शिक्का, मध्ये पेनानं आमचा पीएनआर आणि आईचं नाव. ते बघून माझा जीव भांड्यात पडला.

चार्ट तेव्हा गाडीच्या आठ तास आधी लागायचा, म्हणजे दुपारी एकच्या आसपास. एक वाजून दहा मिनिटांनी स्टेटस बघितलं: वेटिंग 9 आणि 10. चार्ट तयार. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्टनंतरही पूर्ण वेटिंगवरच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं, त्या तिकिटावर गाडीत चढता येत नाही. माणशी 60 रुपये आणि वर जीएसटी कापून पैसे परत येतात, तसे ते नंतर आले. तीन हजार आले नाहीत. त्याला फोन केला तर “आज वरून प्रेशर होतं, उद्याच्या गाडीचं बघतो” म्हणाला. दुसऱ्यांदा केला तर उचलला नाही, आणि चारनंतर फोन बंद.

चार्टनंतर उरलेल्या जागांचं करंट बुकिंग असतं, तेही बघितलं. एकही जागा नव्हती. शेवटी मध्यवर्ती बसस्थानकावरून रात्रीची एसटी धरली. पुण्याच्या अलीकडे आणि घाटात गाडी अडकत अडकत गेली. आई एक पाय समोरच्या सीटखाली लांब करून, दांडी धरून बसलेली, रात्रभर एक शब्द बोलली नाही. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा सव्वादहा झाले होते. दादाला आत नेऊन तास उलटला होता. दादा आता बरा आहे. पण आईला त्याला आत जाताना बघायचं होतं ते राहिलं, आणि ती रुखरुख तिच्या बोलण्यात अजून येते.

परत आल्यावर मी आरक्षण केंद्रात गेले. तिथल्या एका जुन्या कर्मचाऱ्यांनी मला बसवून सगळं सांगितलं. ते लिहितेय, कारण हे आधी माहीत असतं तर मी पैसे दिलेच नसते.

ज्याला लोक एचओ कोटा किंवा व्हीआयपी कोटा म्हणतात तो म्हणजे रेल्वेचा इमर्जन्सी कोटा, कार्यालयीन भाषेत ‘इक्यू’. गाडीतल्या थोड्या जागा त्यासाठी बाजूला ठेवलेल्या असतात. तो वेगळं तिकीट काढून मिळत नाही. आधी आपलं नेहमीचं वेटिंगचं तिकीट हातात पाहिजे, मग त्या पीएनआरसाठी विनंती करायची. जागांवर पहिला हक्क मंत्री, खासदार, न्यायाधीश, वरिष्ठ अधिकारी अशांचा, त्यांच्या ठरलेल्या क्रमानं. त्यातून उरलेल्या जागा बाकीच्यांच्या विनंत्यांना, आणि तिथं कारण बघितलं जातं: घरातला मृत्यू, गंभीर आजार, नोकरीची मुलाखत, सरकारी काम. म्हणजे आमच्यासारखी माणसंही नियमात बसतात, पण उरलेल्या जागांपुरतीच. सणाच्या गर्दीत काही उरेलच असं नाही. आणि या सगळ्याला फी नाही. तिकिटाचे पैसे सोडले तर एक रुपयाही लागत नाही.

विनंती लेखी लागते. त्यात पीएनआर, गाडी, तारीख, वर्ग, कुठून कुठे, प्रवाशांची नावं, एका प्रवाशाचा मोबाइल नंबर आणि कारण लिहायचं. खाली सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि फोन हवा, कारण मजकूर खरा असल्याची जबाबदारी त्याची असते. रेल्वे बोर्डाच्या सूचनांत स्पष्ट आहे की ट्रॅव्हल एजंटांकडून आलेल्या विनंत्या घ्यायच्याच नाहीत. “मी एजंट आहे, कोटा लावून देतो” हे वाक्य तिथंच खोटं ठरतं.

मग वेळेचा नियम सांगितला, आणि माझ्या प्रकरणाची गाठ तिथं सुटली. जुलै 2025 पासून असं आहे: रात्री बारा ते दुपारी दोनपर्यंत सुटणाऱ्या गाडीसाठी अर्ज आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत इक्यू सेलकडे पोचला पाहिजे. दुपारी दोननंतर ते मध्यरात्रीपर्यंत सुटणाऱ्या गाडीसाठी आदल्या दिवशी चारपर्यंत. गाडीच्या दिवशी आलेला अर्ज घेतच नाहीत. आणि गाडी रविवारची असेल तर अर्ज त्याआधीच्या कामाच्या दिवशी, कार्यालयीन वेळेत. आमची गाडी 26 तारखेच्या रविवारची. शनिवारी कार्यालयाला सुट्टी, म्हणजे अर्ज शुक्रवारी, 24 तारखेला द्यायला हवा होता. आमचं तिकीट निघालं शनिवारी संध्याकाळी. त्या गाडीसाठी इक्यूचं दार आम्ही तिकीट काढण्याआधीच बंद झालं होतं. रविवारी सकाळी साडेनऊला जगातला कुणीही ते काम करू शकत नव्हता.

मी त्यांना व्हॉट्सॲपवरचं ते पत्र दाखवलं. त्यांनी बोट तारखेवर ठेवलं. पत्रावर 24 ऑक्टोबर लिहिलं होतं. मजकुरात पीएनआर शनिवारचा, आणि पत्र शुक्रवारचं! जो नंबर तयारच झाला नव्हता तो आदल्या दिवशीच्या पत्रात कसा येईल? म्हणजे नियम त्या माणसाला चांगला माहीत होता. तो पाळता येत नाही हे ठाऊक असल्यामुळेच त्यानं मागची तारीख टाकली.

मग मी काकांच्या जावयाचं विचारलं, कारण ते तर कन्फर्म झालं होतं. ते म्हणाले, “ताई, तुमच्याच तिकिटाकडे बघा. 24 चं 9 कुणी केलं? कुणीच नाही. लोकांनी तिकिटं रद्द केली, ते सरकलं.” वेटिंग 6 आणि 7 तर बहुतेक वेळा आपसूकच सरकून बर्थ मिळतो. हा माणूस दिवसाला दहा जणांकडून पैसे घेत असेल, तर त्यातल्या पाच-सहा जणांचं तिकीट त्यानं काहीही न करता कन्फर्म होणार. ते लोक त्याला दुवा देतात आणि पुढच्याला पाठवतात. ज्यांचं होत नाही त्यातले काही गप्प बसतात, आणि अंगावर जाणाऱ्याला तो पैसे परत करून मोकळा होतो. म्हणून त्यानं माझं वेटिंग आधी बघितलं होतं. कोट्याचा आणि त्याचा संबंधच नव्हता.

यूपीआयची फसवणूक झाली की लगेच 1930 वर फोन करायचा असतो, किंवा cybercrime.gov.in वर तक्रार टाकायची. मी ती चौथ्या दिवशी केली, तोवर खात्यातून पैसे निघून गेले होते. रविवारी दुपारीच केला असता तर रक्कम अडवता आली असती कदाचित. रेल्वे सुरक्षा दलाकडेही लेखी तक्रार दिली, कारण परवान्याशिवाय तिकिटं मिळवून द्यायचा धंदा हा रेल्वे कायद्याच्या कलम 143 खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. स्क्रीनशॉट, पत्राचा फोटो आणि व्यवहार क्रमांक जोडला. तुमच्याकडेही असं काही असेल तर चॅट पुसू नका.

नोव्हेंबरच्या शेवटी दादाच्या तपासणीसाठी आईला घेऊन पुन्हा जायचं होतं, मंगळवारच्या महालक्ष्मीनं. तिकीट वेटिंग 12 आणि 13. या वेळी दवाखान्याची चिठ्ठी, तिकिटाची प्रत आणि आधार कार्ड घेऊन सोमवारी सकाळी खासदारांच्या संपर्क कार्यालयात गेले. तिथल्या मुलानं चिठ्ठी नीट वाचली, पीएनआर दोनदा ताडून बघितला, पत्र केलं आणि दुपारी चारच्या आत पुण्याच्या विभागीय कार्यालयाकडे पाठवलं. कोल्हापूर पुणे विभागात येतं ना. पैशांचा विषय निघाला नाही. उलट त्यानं बजावलं, “ताई, हे पत्र म्हणजे सीट नव्हे. चार्ट लागेपर्यंत कुणीच सांगू शकत नाही, आम्हीही नाही. एसटीचं बघून ठेवा.”

मंगळवारी दुपारी रेल्वेच्या 139 वर फोन करून पीएनआर सांगितला. कन्फर्म, बी-2 डबा, दोन्ही लोअर बर्थ. कोट्यातून मिळाल्या की वेटिंग सरकून, ते मला कळलेलं नाही. पिशवी आईनं सकाळपासूनच भरून ठेवली होती, आणि एसटीच्या दोन सीटा मी चार्ट लागल्यावरच रद्द केल्या.