शब्दसमूहाबद्दल एक शब्द: यादी घोकायची की धातू बघून पर्याय उडवायचे?

मावसबहीण सरळसेवेची तयारी करतेय, ऐरोलीला असते, तिने परवा विचारलं की दादा तू मराठीला शब्दसमूहाचं काय केलं होतंस, यादी पाठ केलीस की ते फोड करायचं वगैरे. मी दोन्ही केलंय, आधी एक, मग वैतागून दुसरं. तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहितोय, म्हणजे अजून कुणी ठरवत असेल तर बघा. अर्थात माझा अनुभव एकट्याचा, तुमचं डोकं वेगळं चालत असेल तर तसं करा.

यादीची पद्धत सगळ्यांना माहितीये. ठाणे स्टेशनबाहेर झेरॉक्सवाल्याकडून नोट्स घेतल्या, डावीकडे शब्दसमूह, उजवीकडे शब्द, आणि ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये घणसोली ते ठाणे रोज एक पान. खरं सांगायचं तर सुरुवातीला मजा येते, कारण तीन आठवड्यांत निम्मी यादी तोंडपाठ होते आणि वाटतं की झालं आपलं. स्पीडही चांगला मिळतो, प्रश्न वाचला की उत्तर आपोआप समोर येतं, विचार करावाच लागत नाही.

पण मला ज्याने वैताग आणला ते सांगतो. एका टेस्ट सिरीजमध्ये प्रश्न होता, ‘मरणाच्या दारात असलेला’. माझ्या यादीत ही ओळच नव्हती. यादीत होतं ‘मोक्षाची इच्छा धरणारा: मुमुक्षू’, आणि पर्यायांत मुमुक्षूही होता आणि मुमूर्षूही. आता मरण, मोक्ष, मुमु, सगळं एकमेकांत गेलं, मी ओळखीचा शब्द दिसला म्हणून मुमुक्षू ठोकला आणि चुकला. यादीत शब्द आणि शब्दसमूह अशी एकच जोडी असते, पेपर काढणारा मात्र शब्द तोच ठेवून समूह बदलतो किंवा तुमच्या शब्दाचा जुळा भाऊ शेजारी आणून बसवतो, आणि पाठ केलेल्या माणसाला फक्त ‘हे कुठेतरी वाचलंय’ एवढंच आठवतं, जे काहीच न आठवण्यापेक्षा वाईट, कारण त्या भरवशावर आपण टिक करून मोकळे होतो. निगेटिव्ह मार्किंग असलेल्या पेपरात तर ते खिशातून जातं.

त्या रात्री मी दोन्ही शब्द कागदावर लिहून बघितले. मुमुक्षू, जिज्ञासू, पिपासू, जिगीषू, या सगळ्यांची चाल एकच निघाली. संस्कृतमध्ये ‘करायची इच्छा’ दाखवायची तर धातूचं पहिलं अक्षर दोनदा येतं आणि मागे स किंवा ष लागतो. पा म्हणजे पिणे, त्यातून पिपासा. ज्ञा म्हणजे जाणणे, त्यातून जिज्ञासा. मुच् म्हणजे सुटणे, त्यातून मुमुक्षा (तो ष इथे क्ष मध्ये लपलाय). आणि मृ म्हणजे मरणे, त्यातून मुमूर्षू, शब्दशः मरू इच्छिणारा, वापरात मरायला टेकलेला. शेवटी आ असेल तर ती इच्छा, ऊ असेल तर ती इच्छा असलेला माणूस. पेपरवाले इथेही खेळतात, ‘जाणण्याची इच्छा’ विचारतात आणि जिज्ञासा-जिज्ञासू दोन्ही ठेवतात. म्हणजे पुढचं दुप्पट झालेलं अक्षर बोटाने झाकायचं आणि उरलेल्यात ओळखीचा धातू दिसतो का बघायचं. मुक्ष मध्ये मुक्त दिसतो, मूर्ष मध्ये मूर्च्छा नाही हां, मृत्यू.

आता खरा फायदा बघा. समजा प्रश्न आहे ‘जिंकण्याची इच्छा असलेला’ आणि पर्याय जिज्ञासू, जितेंद्रिय, जिगीषू, जिजीविषू. चारही ‘जि’वाले. जिज्ञासूतला जि झाकला, ज्ञा उरला, ज्ञानाशी संबंध, गेला. जिजीविषूतला जि झाकला, जीव उरला, म्हणजे जगण्याची इच्छा, तोही गेला. जितेंद्रिय हा खरा सापळा, कारण जिंकणे हा धातू त्यात खरोखरच आहे, अर्धवट मुळं बघणारा इथेच अडकतो. पण जित म्हणजे जिंकलेलं, काम उरकलेलं, आणि जिंकलं काय तर इंद्रियं, त्यात इच्छा कुठेच नाही, अक्षर दुप्पट नाही, मागे ष नाही. उडवला. राहिला जिगीषू. गंमत म्हणजे जि धातूचा इथे गि कसा झाला हे मला तेव्हा माहीत नव्हतं (दुप्पट होताना दुसऱ्या जि चा गि होतो, एवढंच), तरी उत्तर बरोबर आलं. हे यादीत होत नाही, यादीत शब्द येतो किंवा येत नाही. कृतज्ञ-कृतघ्न वगैरे तर बोलायलाच नको, घ्न म्हणजे मारणारा, शत्रुघ्न आठवला की काम झालं.

वेळ जास्त लागतो हे मान्य. घड्याळ लावून मोजलं नाही, पण सुरुवातीला एकेका प्रश्नावर मिनिट जायचं, बाजूचे लोक पान उलटायचे आणि घाम फुटायचा. महिन्याभराने सवय झाली.

आणि धातूही दोन ठिकाणी दगा देतो. एक, जिथे शब्द मुळापासून लांब निघून गेलाय. शुश्रूषा बघा, श्रु म्हणजे ऐकणे, म्हणजे फोडीप्रमाणे ‘ऐकण्याची इच्छा’, पण मराठीत अर्थ रुग्णाची सेवा. गुरूचं ऐकायला जवळ बसायचं, त्यातून सेवा करायची, असा प्रवास झाला असावा, पण मराठीच्या पेपरात सेवा हेच धरायचं. दोन, आपले घरचे शब्द. लेकुरवाळा, वाटाड्या, हरकाम्या हे ऐकूनच कळतात, पण पाणपोईतली पोई जुन्या प्रपा या शब्दापासून आली हे माहीत असून काय उपयोग, ठाण्यात कुणीही पाणपोई दाखवेल. उपटसुंभ फोडायला बसलात तर परीक्षा संपेल. हे सरळ पाठ करावेत, आणि इथे यादीच बरी.

म्हणून बहिणीला सांगितलं की तुझी परीक्षा पंधरा दिवसांवर असेल तर यादी घे, वाद नको. पण दोन-तीन महिने हातात असतील तर मी तरी संस्कृत वळणाचे शब्द फोडून शिकेन आणि यादी फक्त घरच्या शब्दांपुरती ठेवेन. ती म्हणाली दादा तरी तुझी झेरॉक्स दे. दिली. देण्याआधी फक्त एक ओळ पेनाने दुरुस्त केली, ‘गुडघ्यापर्यंत हात पोचणारा: अजानुबाहू’ असं छापलं होतं, आणि असं सर्रास छापतात. पण पर्यंत म्हणजे आ, आमरण, आजन्म, आकंठ यातला. अ धरला तर तो गुडघे नसलेला होतो. वर्षभर ती ओळ घोकत होतो आणि मला एकदाही खटकली नव्हती.