संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ढोकळा: आंबवलेला की इनोचा?

जानेवारीत नाशिकमध्ये ढोकळा करायचा म्हटलं की पहिला प्रश्न थंडीचा येतो. हळदीकुंकू संध्याकाळी पाचला, बायका येणार वीसेक, आणि पहाटे पंचवटीच्या बाजूला नदीवरून असा गारवा येतो की ओट्यावर ठेवलेलं पीठ हाताला बर्फासारखं लागतं. अशा वेळी तांदूळ-डाळ भिजवून आंबवलेला पांढरा ढोकळा करायचा, की बेसनाचा, इनो घातलेला पिवळा? गुजराती घरात या पिवळ्याला खमण म्हणतात, आपण दोघांनाही ढोकळाच म्हणतो. दोन्हींची जाळी वाफेवर पडते, दोन्हीत काडी घालून बघतात, म्हणून कृती सारखीच वाटते. पण दोन्हींमध्ये वायू वेगवेगळ्या वेळी तयार होतो, आणि पीठ किती ठेवायचं, आच किती, काडी कशी वाचायची हे सगळं त्यावरून ठरतं.

आंबवलेल्या पिठात वायू आधीच तयार झालेला असतो. रात्रभर जिवाणू आणि यीस्ट हळूहळू काम करतात, पीठ चढतं, आणि वाटलेली डाळ तो वायू धरून ठेवते. असं पीठ चढल्यावर तासभर थांबलं तरी फारसं बिघडत नाही. इनोच्या पिठात मात्र सोडा आणि आम्ल पाण्यात भेटले की त्याच क्षणी फेस येतो, आणि तो लगेच उतरायलाही लागतो. म्हणजे एका पिठाला वेळ हवा आणि दुसऱ्याला वेळच द्यायचा नाही.

आधी आंबवणं. तीन वाट्या तांदूळ, एक वाटी हरभरा डाळ, अर्धी वाटी उडीद डाळ, पाच-सहा तास भिजवून रवाळ वाटायचं, त्यात अर्धी वाटी आंबट दही. पीठ इडलीच्या पिठाएवढं दाट हवं. पळीतून सोडलं की सलग पडलं पाहिजे, पाण्यासारखं वाहता कामा नये. मे महिन्यात सात-आठ तासांत पातेलं भरून येतं. जानेवारीत तेच पीठ रात्रभर ठेवलं तरी सकाळी जेमतेम हललेलं असतं, चौदा-सोळा तास सहज लागतात. पातेलं गोधडीत गुंडाळा, किंवा बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवा. तयार झालंय हे घड्याळावरून ठरवू नका. पातेल्याच्या कडेला पिठाची जुनी रेघ दिसते, पीठ तिच्या दोन बोटं वर आलेलं असतं, चमचा घातला की आतून जाळीदार तुटतं आणि वासाला ताकासारखं आंबूस येतं. पीठ चढून पुन्हा बसलं आणि वास झणझणीत आंबट झाला, तर त्याची धिरडी करा, ढोकळा दडस होतो.

संक्रांतीच्या कामात हा हिशेब जमवायचा म्हणजे आदल्या दिवशी सकाळी भिजत घालायचं, दुपारी वाटायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वाट बघायची. पीठ नाहीच चढलं तर हातात काही उरत नाही. शेवटच्या क्षणी सोडा टाकून वेळ निभावतात खरं, पण मग ती चव आंबवलेल्या ढोकळ्याची राहत नाही.

बेसनाच्या पिठालाही विश्रांती लागते, फक्त ती इनोच्या आधी. एका २० सेंटिमीटरच्या डब्यासाठी २०० ग्रॅम बारीक बेसन चाळून घ्या. साधारण २५० मिलिलिटर पाणी, मीठ, दोन चमचे साखर, एक चमचा तेल, पाव चमचा लिंबूफूल, आलं-मिरचीचा ठेचा आणि हळद अगदी चिमूटभर. एकाच दिशेने फेटून गुठळ्या मोडा आणि पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवा. तेवढ्यात बेसन पाणी पितं. ही वेळ वाचवली तर ढोकळा खाताना कोरडा, घशात अडकणारा लागतो. पीठ ठेवून घट्ट झालं तर चमचा-दोन चमचे पाणी घाला. असं बिनइनोचं पीठ तासभर आधी करून ठेवता येतं, हाच त्याचा मोठा फायदा.

हळद जपून, कारण सोड्यासारख्या क्षारात हळद लालसर होते. इनो नीट मिसळला नाही की पिवळ्या ढोकळ्यावर तांबडे डाग उमटतात, तिखट पडल्यासारखे. म्हणून पाव चमचासुद्धा घालू नका.

इनो दीड छोटा चमचा, पण वाफेच्या भांड्यातलं पाणी खळखळ उकळत असेल आणि डब्याला तेल लावलेलं असेल तेव्हाच. इनो टाकून वर दोन चमचे पाणी, मग पंधरा-वीस सेकंद हलक्या हाताने फिरवा. पीठ फुगून रंगाने फिकं होतं, तसंच डब्यात ओता आणि झाकण ठेवा. मिक्सरने फेटत बसलात तर वायू पातेल्यातच निघून जाईल.

आता आच. वाफेला आपलं तापमान असतं, गॅस मोठा केला म्हणून ती जास्त तापत नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, त्यामुळे आपल्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. मोठ्या आचेने वाफ अधिक गरम होत नाही, अधिक येते. गार डबा आत ठेवला की वाफ त्यावर थिजते आणि भांडं थंडावतं. ती उणीव लगेच भरून निघाली तर पीठ फुगलेलं असतानाच बाहेरून घट्ट होतं आणि बुडबुडे आत अडकतात. वाफ मंद असली तर बुडबुडे वर येऊन फुटतात आणि ढोकळा बसका होतो. इनोच्या पिठाला हे फार लागतं, कारण त्याचा वायू थांबून राहत नाही. म्हणून त्याला पहिली दहा मिनिटं मोठी आच, मग मध्यम. आंबवलेल्याला मध्यम ते मोठी आच पुरते. गडबड झाली तरी ते पीठ थोडं सांभाळून घेतं.

मात्र पाणी इतकं उसळू देऊ नका की डब्यात शिंतोडे जातील. दोन इंच पाणी, वर स्टँड, त्यावर डबा. झाकणाला सुती फडकं बांधा, नाहीतर झाकणावरून ठिबकणारं पाणी ढोकळ्यावर खड्डे पाडतं. भांडं कोणतंही चालेल: इडलीपात्र, मोदकपात्र, खोल कढई. कुकर वापरलात तर शिट्टी काढून ठेवा. शिट्टी लावून दाब दिलात तर दाब सुटताना ढोकळा आतून फाटतो. इडलीपात्राच्या पसरट ताटल्यांत अर्धा-पाऊण इंच पीठ ओतलं तर दहा-बारा मिनिटांत शिजतं. डब्यात दीड इंच फुगणारं पीठ असलं तर पंधरा ते अठरा मिनिटं. पहिल्या दहा मिनिटांत झाकण उघडलं तर मधला भाग खाली बसतो, आणि बसलेला पुन्हा उठत नाही.

काडीवर लोक फार विसंबतात आणि ती चुकीच्या जागी घालतात. कडेचा भाग आधी शिजतो, त्यामुळे कडेला घातलेली टूथपिक कायम स्वच्छ निघते. ती बरोबर मध्यभागी, सरळ तळाला टेकेपर्यंत घालायची. बाहेर आल्यावर ती ओली दिसली म्हणून घाबरू नका, आधी दोन बोटांत चोळा. नुसतं पाणी असेल तर चोळताच नाहीसं होतं, ते वरच्या वाफेचं थिजलेलं पाणी. बोटांत पिवळा मलमासारखा लेप राहिला तर तो कच्चा गाभा, अजून तीन-चार मिनिटं. भुगा चिकटला असेल तर झालं, गॅस बंद करा. आंबवलेल्या ढोकळ्यात ही खूण थोडी फसवते, कारण शिजलेला तांदूळ गरम असताना चिकटच असतो. तिथे काडीला किंचित चिकटपणा चालतो, पांढरं पातळ पीठ चालत नाही. शंका असेल तर मधोमध बोटाने हलकं दाबा, दाबलेली जागा पुन्हा वर आली पाहिजे, आणि कडा डब्यापासून सुटलेली दिसली पाहिजे. काडी मिनिटामिनिटाला घालू नका. पंधराव्या मिनिटाला एकदा आणि लागलंच तर अठराव्याला. वीस मिनिटांच्या पुढे इनोचा ढोकळा वरून तडकतो आणि कोरडा पडतो.

आता ठरवायची गोष्ट. वीस जणींना तीन-तीन तुकडे म्हणजे साठ. २० सेंटिमीटरच्या एका गोल डब्यात साडेतीन सेंटिमीटरचे सोळा-अठरा तुकडे बसतात, कडेचे वाकडे तुकडे घरच्यांना. म्हणजे चार डबे. एका भांड्यात एकेक डबा, दर डब्याला पंचवीस मिनिटं धरली तर दोन तासांच्या आत उरकतं. पीठ एकदम भिजवा, पण चार भागांत वेगळं काढा आणि प्रत्येक भागात इनो त्याच्या पाळीलाच घाला. सगळ्यात एकदम इनो घालणाऱ्याचा पहिला डबा फुललेला असतो आणि चौथा भाकरीसारखा. दर डब्यानंतर भांड्यात पाणी भरताना ते उकळतंच भरा.

माझा कौल संक्रांतीपुरता सरळ इनोच्या बाजूला आहे, आणि फक्त वेळेमुळे नाही. तांदळाचा ढोकळा गार झाला की कडक होतो. गरम वाफाळता असताना वर कच्चं तेल आणि लसणाची चटणी घेऊन तो खावा, तेव्हा बेसनाचा त्याच्या जवळपासही येत नाही. पण हळदीकुंकवात बशी भरून ठेवलेली असते, बायका साडेपाचपासून आठपर्यंत येत राहतात. बेसनाच्या ढोकळ्याला मऊ ठेवायची सोय आहे: फोडणीत तेल, मोहरी, हिंग, कढीपत्ता, मिरची, आणि सणाचे म्हणून तीळ, मग त्यातच पाऊण वाटी पाणी आणि दोन चमचे साखर घालून एक उकळी. डबा वाफेतून काढल्यावर दहा मिनिटं थांबून, कापून, हे पाणी सगळीकडे चमच्याने सोडायचं. हे प्रमाण एका डब्याचं. ढोकळा ते पितो आणि तीन-चार तास लुसलुशीत राहतो. इनोची चव ज्यांना जिभेवर लागते त्यांनी लिंबूफूल किंचित वाढवावं.

घरात पाच-सहा माणसं असतील, एप्रिल-मे असेल, आणि न्याहरीला सगळे ताटलीभोवती उभे राहून खाणार असतील तर मात्र आंबवलेलाच करा. तेव्हा नाशिकची गरमी फुकटात काम करते, आणि पीठ फसण्याची भीती फारशी उरत नाही. उरलेला दुपारी कडक झाला तर चार मिनिटं पुन्हा वाफेवर ठेवा, किंवा चौकोन करून मोहरी-तिळाच्या फोडणीत परता.