मधुमेहींची एमसीआर सँडल: गादी पास, मागचा पट्टा नापास

मागच्या उन्हाळ्यात नाशिकच्या मेन रोडवरून घेतलेल्या सँडलचा हा अनुभव. वडील चौऱ्याहत्तरचे, साखर जुनी, तळपाय सपाट आणि तळव्याची संवेदना कमी झालेली. किंमत अठराशे पन्नास. पावसाळा सरता सरता मागच्या पट्ट्याचं वेल्क्रो सुटायला लागलं. दुकानदार म्हणाला, "पट्ट्याला गॅरंटी नसते, काका." गॅरंटी मग कशाला असते, तळव्याच्या रंगाला?

पट्ट्यासाठी एवढा त्रागा का, तर अशा पायाला पट्टा म्हणजे शोभा नव्हे. बधिर पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही, माणूस तसाच चार पावलं पुढे जातो. पट्टा सैल असला की बोटं आवळून चप्पल धरली जाते, पाय पुढे सरकतो आणि पुढची पट्टी बोटांच्या सांध्यावर घासत राहते. वेल्क्रो बिघडतं ते धागे, केस आणि धूळ अडकून. जुन्या दातांच्या ब्रशने आकड्यांची बाजू साफ केली की काही दिवस पुन्हा धरतं, पण मऊ बाजूचे तंतू एकदा झिजले की उपाय नाही. शेवटी शालिमारजवळ मोचीकडून बकल लावून घेतलं, साठ रुपयांत. त्याला दोनच गोष्टी बजावल्या होत्या: चुका ठोकायच्या नाहीत आणि दोऱ्याची गाठ बाहेरच्या बाजूला घ्यायची. तरी एक गाठ आत आलीच. ज्वारीच्या दाण्याएवढी, डोळ्यांना दिसली नाही, बोट फिरवल्यावर लागली. ती तिथेच उसवून घेतली.

माप मात्र दुकानात नीट जमलं. संध्याकाळी गेलो, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. बसून नव्हे, उभं राहून दोन्ही पायांची आखणी कागदावर काढली. डावा पाय २५.२ सेंमी, उजवा २५.६. मोठ्या पायाचं माप धरायचं आणि सर्वात लांब बोटापुढे एक ते दीड सेंमी जागा सोडायची, म्हणून आतली लांबी २७ च्या आसपासची घेतली. सर्वात लांब बोट अंगठाच असेल असं नाही. आखणी कापून सँडलमध्ये ठेवली. कागद कुठे दुमडला असता तर रुंदी कमी पडतेय हे तिथेच कळलं असतं. अंगठ्याची चप्पल नकोच, बोटांच्या बेचक्यात घासते. "वापरून सैल होईल" हे ऐकून घट्ट जोड घेऊ नये. बधिर पाय तक्रारच करत नाही.

गादीबद्दल सुरुवातीचं मत फार चांगलं होतं. आता थोडं बदललंय. एमसीआर म्हणजे बारीक छिद्रांचं मऊ रबर. अंगठ्याने दाबलं की ते खाली जावं आणि सोडलं की लगेच वर यावं. दिवाळीनंतर चवड्याखाली, अंगठ्याच्या मुळाशी खळगा दिसू लागला आणि तिथे दाबलेला भाग वर येईना. सपाट पाय आत झुकतो, त्यामुळे आतली कड आधी बसते. टाच आणि बाहेरची कड अजून नव्यासारखी आहे, म्हणून वरवर बघून फसायला होतं. गादी बदलून मिळते का, हे घेतानाच विचारायला हवं.

दुकानात कमानीचा कडक आधारही पुढे केला होता, "फ्लॅट फूट आहे ना" म्हणून. संवेदना असलेल्या पायाला तो चालेलही. बधिर पायाच्या आतल्या उंचवट्यावर तोच टोचून जखम करतो, म्हणून डॉक्टरांनी मोनोफिलामेंटने, म्हणजे संवेदना बघायच्या नायलॉनच्या बारीक तंतूने, पाय तपासल्याशिवाय घेऊ नये. आणि आधी ठीक असलेला पाय अलीकडे सपाट होत असेल, एकच पाय गरम, लाल, सुजलेला असेल, तर दुखत नसलं तरी चप्पल शोधत बसू नये. पायावर भार न देता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. हाडं ढासळत असू शकतात.

रोजचं काम पाच मिनिटांचं. घालण्याआधी सँडल उलटी झटकायची, आत हात फिरवायचा, तळव्यात काच किंवा काटा रुतलाय का बघायचं. काढल्यावर तळवा आरशात, बोटांच्या बेचक्या उजेडात बघायच्या. लाली अर्ध्या तासात गेली नाही, तर त्या जागी दाब येतोय. फोड, चीर, ओल दिसली तर ती सँडल बंद आणि पाय डॉक्टरांना दाखवायचा. कॉर्नची पट्टी चिकटवायची नाही, ब्लेड तर नाहीच. पावसात भिजलेली सँडल सावलीत वाळवायची.

काळाराम मंदिरात सँडल बाहेरच राहते आणि एप्रिलच्या दुपारी फरशी भाजते. वडिलांना तो चटका कळत नाही, म्हणून दर्शन सकाळी लवकर आणि पायात जाड सुती मोजे.

पाचपैकी तीन. एक गुण वेल्क्रोचा, एक दुकानदाराचा कापला. पुढचा जोड बकलचाच.