डिसेंबरचे सिंह राशिभविष्य : सायन वाचावे की निरयन?

ही तुलना सूर्यराशीची आहे. ‘म’ किंवा ‘ट’ हे नावाचे अक्षर असल्यामुळे स्वतःला सिंह राशीचे म्हणवणाऱ्यांची ती चंद्ररास असते, आणि त्यांच्यासाठी हा हिशेब नाही.

पाश्चात्त्य भविष्यांच्या सायन पद्धतीत साधारण २३ जुलै ते २२ ऑगस्ट या काळात जन्मलेल्यांची सूर्यरास सिंह धरतात. आपल्या पंचांगांच्या निरयन पद्धतीत, अयनांशामुळे, म्हणजे दोन्ही पद्धतींच्या राशिचक्रांच्या आरंभांतल्या सुमारे २४ अंशांच्या अंतरामुळे, सूर्य सिंहेत येतो तो १७ ऑगस्टच्या सुमारास. त्यामुळे ५ ऑगस्टला जन्मलेल्याची सूर्यरास सायनाने सिंह, तर निरयनाने कर्क ठरते. एवढ्यावरून दोन्ही भविष्ये पूर्ण वेगळी असतील असे वाटते, परंतु तसे होत नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला सायन सूर्य धनू राशीत, म्हणजे सिंहेपासून पाचवा असतो. निरयन सूर्य वृश्चिकेत, म्हणजे कर्केपासून पाचवाच. सहाव्या स्थानी तो सायनाने २१ डिसेंबरच्या सुमारास जातो आणि निरयनाने १६ च्या सुमारास. १७ ऑगस्टच्या आधी जन्मलेल्या या वाचकांनी कोणतेही एक भविष्य निवडावे, फरक पाच-सहा दिवसांचाच पडेल.

खरा पेच १७ ते २२ ऑगस्टदरम्यान जन्मलेल्यांचा आहे, कारण त्यांची रास दोन्हीकडे सिंहच राहते आणि सूर्याचे स्थान मात्र बदलते. समजा, २० ऑगस्टला जन्मलेली एखादी गृहिणी नागपुरातल्या महाल भागातले जुने घर सोडून वर्धा रोडवर फ्लॅट घ्यावा की नाही या विचारात आहे. तिच्यासाठी दोन्ही भविष्ये मी अशी लिहीन.

सायन : “पंचमातला सूर्य मुलांच्या अभ्यासाकडे आणि मागे पडलेल्या छंदाकडे लक्ष वेधतो. थंडीच्या या दिवसांत थोडा वेळ स्वतःसाठी राखून ठेवा. घराची घाई या महिन्यावर लादू नका.”

निरयन : “१६ तारखेच्या सुमारापर्यंत सूर्य चतुर्थात, म्हणजे घर, आई आणि वाहन यांच्या स्थानी आहे. घराविषयी आईशी मोकळेपणाने बोला, तिला काय सोडवत नाही ते ऐकून घ्या. व्यवहार होईल की नाही हे सूर्य सांगत नाही; ते कागदपत्रे आणि कर्जाचा हप्ता पाहूनच ठरवा.”

तिच्या प्रश्नाला निरयन भविष्य अधिक जवळचे आहे, आणि घरात संक्रांतीपासून सगळे पंचांगानेच होत असेल तर मी तेच सुचवीन. सूर्याची स्थिती गणिताने काढता येते, स्थानांचे अर्थ मात्र परंपरेने दिलेले आहेत. म्हणून त्यांतून विचाराला विषय मिळतो, निकाल मिळत नाही.

दोन्ही पद्धतींची सरमिसळ केलेले भविष्य मात्र टाळावे. राशीची सुरुवात २३ जुलैपासून सांगून पुढे सूर्य १६ डिसेंबरला धनू राशीत येतो असे लिहिले असेल, तर ती सरमिसळ समजावी. जन्म १६-१७ किंवा २२-२३ ऑगस्टचा असेल, तर आधी जन्मवेळ आणि त्या वर्षाचे पंचांग पाहून रास निश्चित करावी.